१९ तारखेला खोली घेतली, तर पहिल्या महिन्याचं भाडं किती?

समजा, शिरोळला बदली होऊन आलेल्या एका शिक्षकाने १९ फेब्रुवारी २०२६ ला खोली भाड्याने घेतली. भाडं महिना ६,००० रुपये, दर महिन्याच्या १ तारखेला द्यायचं. मग फेब्रुवारीचे किती?

आधी दिवस मोजू. बहुतेक चूक इथेच होते. २८ मधून १९ वजा केले की ९ उरतात, पण राहण्याचे दिवस १० आहेत, कारण १९ तारीखही धरायची असते. म्हणून वजाबाकी करून त्यात एक मिळवायचा. किल्ली १९ ला हातात आली आणि सामान २१ ला आलं, तरी मोजणी किल्लीपासूनच धरणं रास्त. त्या दिवसापासून मालक ती खोली दुसऱ्याला देऊ शकत नाही.

आता दिवसाचा दर. फेब्रुवारीचे २८ दिवस धरले तर ६,००० भागिले २८, म्हणजे दिवसाला सुमारे २१४ रुपये २९ पैसे. दहा दिवसांचे २,१४३ रुपये. पण अनेक मालक महिना सरसकट ३० दिवसांचा धरतात. मग दर सरळ २०० आणि भाडं २,०००. तिसरी रीत वर्षाची: ७२,००० भागिले ३६५, दहा दिवसांचे सुमारे १,९७३. खोली तीच, दिवस तेच, तरी फरक १७० रुपयांचा.

तीसची रीत तोंडी हिशेबाला सोपी, पण ती कडेला घसरते. १ फेब्रुवारीला आलेला भाडेकरू पूर्ण ६,००० देतो. २ तारखेला आलेल्याचे २७ दिवस, म्हणजे ५,४००. एका दिवसाच्या उशिराने ६०० रुपये वाचले! जानेवारीत उलटं होतं. २ जानेवारीला आलेल्याचे ३० दिवस भरतात आणि तो एक दिवस न राहताही पूर्ण भाडं देतो. त्या-त्या महिन्याचे खरे दिवस धरले की हा घोळ होत नाही. सगळे दिवस राहिलं तर बरोबर ६,०००, एक दिवस कमी तर एकाच दिवसाचे पैसे कमी. दिवसाचा दर फेब्रुवारीत थोडा चढा पडतो, एवढंच. लीप वर्षात, म्हणजे २०२८ मध्ये, २९ ने भागायचं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगतो, पण अर्ध्या महिन्याचं सूत्र देत नाही. ते दोघांनीच ठरवायचं. करारात एक ओळ पुरते: ‘अपुऱ्या महिन्याचं भाडं त्या महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांवर मोजलं जाईल, पहिला व शेवटचा दिवस धरून.’ खोली सोडतानाही हीच ओळ लागू होते. डिपॉझिटला मात्र हा हिशेब लागत नाही. ते ठरलेलं पूर्णच द्यावं लागतं.

हिशेबच नको असेल, तर भाड्याचा महिना १९ ते पुढच्या १८ तारखेपर्यंत धरता येतो. फक्त १ तारखेला पगार होणाऱ्याला तोवर पैसे बाजूला ठेवावे लागतात.