कोड गेला तरी सिम तुमच्याकडेच आहे

दुपारची जेवणं आटोपली होती. मावशीच्या व्हॉट्सॲपवर नणंदेचा मेसेज आला, ‘वहिनी, माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, जरा पाठवता का?’ एसएमएसमध्ये खरोखरच सहा आकडे आले होते. मावशीने ते पाठवले. दोन मिनिटांत तिचं व्हॉट्सॲप बंद पडलं आणि तिन्हीसांजेपर्यंत तिच्या नावाने भिशीच्या ग्रुपमधल्या बायकांकडे पैशांची मागणी सुरू झाली.

तो कोड नणंदेचा नव्हताच. नणंदेचं खातं आधीच चोराच्या हाती गेलं होतं. त्याने आपल्या फोनवर मावशीचा नंबर टाकला आणि व्हॉट्सॲपने खात्रीसाठी मावशीच्या सिमवर कोड धाडला. त्याच एसएमएसमध्ये ‘हा कोड कुणालाही देऊ नका’ असं लिहिलेलं असतं, पण ओळखीच्या माणसाने मागितल्यावर ते वाचतो कोण?

चोराकडे कोड गेला, पण सिम मावशीकडेच राहिलं. परतीची वाट तिथूनच आहे. आपल्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून आपला नंबर टाकायचा आणि नवा कोड मागवायचा. तो टाकताच चोर आपोआप बाहेर फेकला जातो. चोराने बरेचदा कोड मागवले असतील, तर नवा कोड मिळायला काही तास थांबावं लागतं. पडद्यावर ती वेळ दिसते, तेवढा धीर धरावा. घाबरून ॲप काढून टाकू नये. जुने मेसेज फोनमध्येच असतात आणि बॅकअप नसेल तर ते जातात. चोराला मात्र ते जुने मेसेज मिळत नाहीत. त्याला ग्रुप दिसतात आणि नवे मेसेज येतात.

मावशीचं घोडं पुढे अडलं. कोड टाकल्यावर सहा आकडी पिन मागितला गेला, जो तिने कधी ठेवलाच नव्हता. तो चोराने लावला होता. अशा वेळी सात दिवस थांबावं लागतं, मग पिनशिवाय आत जाता येतं. एसएमएसचा कोड बरोबर टाकला असेल, तर या सात दिवसांत चोरही बाहेरच असतो.

मधल्या काळात मावशीने ओळखीच्यांना एकेक करून साधे फोन केले, ‘माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका.’ दोघींनी आधीच पैसे पाठवले होते. त्यांनी लगेच 1930 वर तक्रार नोंदवली. पैसे पुढे वळवले जाण्याआधी ते गोठवता यावेत, म्हणून इथे घाई करायलाच हवी. ऑनलाइन तक्रार cybercrime.gov.in वर करता येते.

खातं परत मिळाल्यावर Linked devices मध्ये जाऊन अनोळखी उपकरणं काढून टाका. मग Settings, Account, Two-step verification या वाटेने स्वतःचा पिन लावा आणि ईमेलही जोडा. पिन असला की नुसत्या कोडवर कुणाला आत शिरता येत नाही. आज रात्री झोपण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर हा पिन लावून द्या.