८४ मीटरवर उभी असलेली कॅब ॲपला दिसत का नाही? राईड शोधणाऱ्या सहा अक्षरांची गोष्ट

संध्याकाळचे सात वाजलेत. पुण्यात कर्वे रोडवर नळस्टॉपच्या परिसरात एक जण कॅब बुक करतोय. समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर रिकामी कॅब उभी आहे. ॲप मात्र म्हणतंय, ड्रायव्हर १ किलोमीटरवर आहे, वाट बघा.

अशा वेळी आपण पहिली शिवी नेटवर्कला घालतो. पण नेटवर्क एकदम झकास असेल आणि दोन्ही मोबाईलचं जीपीएस अचूक असेल, तरीही हा प्रकार होऊ शकतो. कारण बऱ्याचदा चूक असते नकाशावर मारलेल्या एका अदृश्य रेघेची. ही रेघ तिथे आली कुठून, हे कळलं की कॅबचं ॲप आतून कसं चालतं तेही कळतं.

आधी प्रश्न काय आहे ते बघू

समजा एका शहरात २०,००० ड्रायव्हर ऑनलाईन आहेत. तुम्ही बटण दाबलं की जवळचा ड्रायव्हर शोधायचा. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे सगळ्या २०,००० जणांचं तुमच्यापासूनचं अंतर मोजायचं आणि सगळ्यात कमी अंतराचा निवडायचा.

एका माणसासाठी हे जमेलही. पण त्याच मिनिटाला हजार जण बुकिंग करत असतील, तर २ कोटी अंतरं मोजावी लागतील. आणि त्यातली बहुतेक मेहनत वाया जाणार, कारण नळस्टॉपवरच्या माणसाला हडपसरचा ड्रायव्हर देणारच नसतो.

म्हणजे अंतर मोजायच्या आधीच लांबचे लोक बाजूला काढता आले पाहिजेत. पोस्टमन पत्रं आधी पिनकोडनुसार लावतो आणि मग घर शोधतो, तसंच काहीसं.

जगाचा पिनकोड: जिओहॅश

हे काम करणारी एक लोकप्रिय पद्धत म्हणजे जिओहॅश. गुस्ताव्हो निमेयर यांनी ती २००८ मध्ये आणली.

यात पृथ्वीचा नकाशा मधोमध उभा कापतात. तुमची जागा उजव्या अर्ध्यात असेल तर १ लिहायचा, डाव्या अर्ध्यात असेल तर ०. मग तो अर्धा भाग आडवा कापायचा. वरच्या भागात असाल तर १, खालच्या भागात असाल तर ०. परत उभा, परत आडवा, असं कापत राहायचं. दर पाच आकड्यांचं मिळून एक अक्षर होतं. म्हणजे प्रत्येक नवीन अक्षर आधीच्या चौकोनाचे ३२ तुकडे करून त्यातला एक निवडतं.

पुण्याच्या बाबतीत पहिली तीन अक्षरं येतात `tek`. हा चौकोन साधारण दीडशे किलोमीटर लांब-रुंद आहे. सहा अक्षरांपर्यंत गेलो की पुण्याच्या अक्षांशावर तो १.१६ किलोमीटर रुंद आणि ६०८ मीटर उंच एवढा छोटा होतो.

आता प्रत्येक ड्रायव्हरचा मोबाईल दर काही सेकंदांनी आपली जागा कळवतो. सर्व्हर त्या जागेचा सहा अक्षरी कोड काढतो आणि ड्रायव्हरला त्या कोडच्या यादीत टाकतो. प्रवासी आला की त्याचा कोड काढायचा आणि फक्त तेवढीच यादी उघडायची. २०,००० जणांऐवजी समोर येतात पाच-पंचवीस जण. काम फत्ते.

पण खरी गंमत इथून पुढे आहे.

नळस्टॉपची रेघ

जिओहॅशच्या या उभ्या कापण्यातली एक रेघ ७३.८२८१२५ या रेखांशावर येते. पुण्यात ती नळस्टॉपच्या परिसरातून जाते.

आता सुरुवातीचा प्रसंग आकड्यांत मांडू. प्रवासी आहे १८.५०७५, ७३.८२८५ या ठिकाणी, म्हणजे रेघेच्या थोडा पूर्वेला. कॅब आहे १८.५०७५, ७३.८२७७ वर, म्हणजे थोडी पश्चिमेला. दोघांमधलं अंतर येतं ८४ मीटर. पण त्यांचे कोड बघा.

```
pravasi  tek921
cab      tek3rc
```

पहिली तीन अक्षरं सारखी आहेत आणि चौथ्यापासून सगळंच वेगळं. ही साधी रेघ नाहीये. चौथ्या अक्षराच्या वेळी नकाशा इथेच कापला गेलाय, त्यामुळे तिच्या दोन बाजूंचे कोड एवढे लांबचे वाटतात. `tek` ही तीन अक्षरं तर बदलापूर स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या कोडमध्येही येतात. म्हणजे नुसता कोड बघणाऱ्या सर्व्हरला समोरची कॅब आणि बदलापूरची रिक्षा, दोन्ही सारख्याच लांब वाटतात.

याउलट `tek921` याच चौकोनाच्या पूर्व टोकाला, डेक्कनच्या बाजूला उभा असलेला ड्रायव्हर १ किलोमीटरपेक्षा लांब असूनही यादीत पहिला येतो, कारण त्याची सहाच्या सहा अक्षरं जुळतात.

थोडक्यात काय, तर कोड जुळला म्हणजे दोघं जवळ आहेत हे खरं. पण कोड जुळला नाही म्हणजे दोघं लांब आहेत, असं अजिबात नाही.

मग उपाय काय? नऊ चौकोन

उपाय साधा आहे. आपला चौकोन उघडायचा आणि त्याला चिकटलेले आठ शेजारीही उघडायचे. आपल्या प्रवाशासाठी ते असे येतात.

```
tek3rf  tek924  tek926
tek3rc  tek921  tek923
tek3rb  tek920  tek922
```

मधल्या ओळीत डावीकडे बघा. `tek3rc`, म्हणजेच ती हरवलेली कॅब. आता या नऊ यादींतल्या ड्रायव्हरचं खरं अंतर मोजायचं आणि त्यानुसार क्रम लावायचा. कॅब ८४ मीटरवर आहे हे लगेच कळतं.

पण यालाही मर्यादा आहे. प्रवासी मधल्या चौकोनाच्या अगदी वरच्या कडेला उभा असेल, तर त्याच्या उत्तरेला फक्त एका शेजाऱ्याची उंची शिल्लक राहते, म्हणजे ६०८ मीटर. त्यामुळे सहा अक्षरी नऊ चौकोन चारही बाजूंना ६०० मीटरपर्यंतचीच हमी देतात. २ किलोमीटरच्या आतला प्रत्येक ड्रायव्हर हवा असेल तर शेजाऱ्यांचेही शेजारी उघडावे लागतात किंवा पाच अक्षरी कोडवर जावं लागतं. पाच अक्षरी चौकोन साडेचार किलोमीटरपेक्षा मोठा असतो. तिथे एकही ड्रायव्हर सुटत नाही, पण गर्दीच्या वेळी यादी भलतीच लांब होते.

म्हणून बऱ्याचदा शोध छोट्या चौकोनांपासून सुरू करतात आणि पुरेसे ड्रायव्हर मिळाले नाहीत तरच घेरा वाढवतात. रात्री दोन वाजता ॲप जास्त वेळ "शोधत आहे" दाखवतं, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

क्वाडट्री कुठे कामाला येते?

जिओहॅशचे चौकोन गर्दी बघत नाहीत. लक्ष्मी रोड असो की मुळशीचा घाट, आकार तोच. क्वाडट्री मात्र गर्दी बघून कापते. समजा नियम ठरला की एका चौकोनात जास्तीत जास्त १०० ड्रायव्हर. १०१ वा आला की त्या चौकोनाचे चार तुकडे होतात. त्यातलाही एखादा भरला की त्याचे परत चार. त्यामुळे पेठांमध्ये छोटे चौकोन तयार होतात आणि मुळशीत एकच मोठा राहतो.

ऐकायला हे भारी वाटतं, पण ड्रायव्हर सतत फिरत असतात. प्रत्येक हालचालीला झाडात जुनी जागा पुसायची, नवीन लिहायची आणि गरज पडली तर तुकडे करायचे किंवा परत जोडायचे. त्यामुळे हॉटेल, पेट्रोल पंप अशा जागेवरून न हलणाऱ्या गोष्टींना क्वाडट्री सोयीची पडते. फिरत्या कॅबसाठी ठरलेल्या चौकोनांची पद्धत सोपी जाते. उबरने तर चौकोनांऐवजी षटकोन घेतले. त्यांची एच३ ही पद्धत २०१८ पासून सगळ्यांसाठी खुली आहे. षटकोनाला सहाच शेजारी असतात आणि सगळे जवळपास सारख्याच अंतरावर असतात. चौकोनासारखा कोपऱ्यातला शेजारी लांब, असा प्रकार तिथे राहत नाही.

यादी मिळाली, पण नदी आडवी आली

आता समजा दोन ड्रायव्हर आहेत. एक सरळ रेषेत ७०० मीटरवर, पण मुठेच्या पलीकडे नवी पेठेत. दुसरा ९०० मीटरवर, पण कर्वे रोडवरच. नकाशावर पहिला जवळ आहे, पण त्याला म्हात्रे पूल गाठून, तो ओलांडून यावं लागेल. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी आहेत, तिथेही असाच वळसा पडतो.

म्हणून चौकोनांचं काम फक्त संभाव्य वीसेक ड्रायव्हर निवडून देण्याचं. त्यातून कोण लवकर पोहोचेल, हे रस्त्यांच्या नकाशावर मोजायचं आणि राईड मिनिटांवर द्यायची, मीटरवर नाही. वीस जणांसाठी हे परवडतं, वीस हजारांसाठी नाही. आणि ज्याला राईड पाठवली त्याला उत्तर येईपर्यंत बाकीच्यांच्या यादीतून काढून ठेवायचं, नाहीतर एकच कॅब दोघांना मिळते.

दोन चुका, ज्या हमखास होतात

हे सगळं रेडिस नावाच्या डेटाबेसमध्ये दोन ओळींत करता येतं. शेजारचे चौकोन बघायचं कामही तो आतल्या आत स्वतः करतो.

```
GEOADD drivers 73.8277 18.5075 cab17
GEOSEARCH drivers FROMLONLAT 73.8285 18.5075 BYRADIUS 2 km ASC COUNT 20
```

पहिली चूक म्हणजे आकड्यांचा क्रम. इथे आधी रेखांश आणि मग अक्षांश लागतो, पण आपल्याला सवय उलटी असते. उलटं लिहिलं तर रेडिस तक्रारही करत नाही. कॅब निमूटपणे नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन उभी राहते. ड्रायव्हर ऑनलाईन आहे आणि त्याला दिवसभर एकही राईड येत नाही, अशी तक्रार आली तर आधी हे तपासायचं.

दुसरी चूक म्हणजे भुताटकीच्या कॅब. ड्रायव्हर बेसमेंट पार्किंगमध्ये गेला, नेटवर्क गेलं, पण यादीत त्याची जुनी जागा तशीच राहिली. रेडिसच्या या यादीतल्या एकेका नोंदीला मुदत लावता येत नाही. त्यामुळे शेवटची जागा कधी कळवली ती वेळ वेगळी ठेवावी लागते आणि ठरावीक सेकंदांपेक्षा जुन्या नोंदी काढून टाकाव्या लागतात.

आणि रेघेची चूक ओळखायची कशी? ज्या राईडमध्ये ड्रायव्हर लांबून आला त्या नकाशावर टिंबांनी मांडायच्या. टिंबं शहरभर विखुरलेली असतील तर ड्रायव्हर कमी पडतायत. पण ती एका सरळ रेघेला धरून उभी राहिली, तर कोणीतरी शेजारचे आठ चौकोन उघडायला विसरलंय.