भेग मे महिन्यात मोजा, सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजा

पनवेलला मी भाड्याने राहते त्या बैठ्या घराच्या मागच्या कोपऱ्यात एक तिरकी भेग आहे. वर चांगली रुंद, खाली येता येता केसाएवढी. कोपऱ्यापासून सहा मीटरवर जुना रेन ट्री आहे. घरमालक काकांचा निकाल तयार होता: "मुळं भिंत ढकलतायत, झाडच काढून टाकू." मी म्हटलं, काका, एक वर्ष थांबा.

मुळं ढकलतात हे अगदीच खोटं नाही. बुंध्याजवळची जाड मुळं पेव्हर ब्लॉक उचलतात, हलकी कंपाउंड वॉल कलंडवतात. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळही चुना फोडतो. पण सहा मीटरवर पोचलेली मुळं बहुतेक बारीक असतात. घराच्या वजनापुढे त्यांचा जोर नगण्य. ती करतात ते वेगळंच काम: पाणी ओढतात.

हा प्लॉट पूर्वी भातखाचर होता. एप्रिलमध्ये खाचरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. या चिकणमातीच्या कणांत पाणी शिरलं की ती फुगते, निघालं की आकसते. उघड्या जमिनीत ऊन मुख्यतः वरचा थर सुकवतं. झाड मात्र दोन-तीन मीटर खोलवरूनही पाणी काढू शकतं, तेही घराच्या एकाच बाजूने. आपला पाया जेमतेम एक मीटरवर. सगळं घर सारखंच खाली बसलं असतं तर भिंतीला पत्ताही लागला नसता. एकच कोपरा खाली जातो, भिंत बाहेर कलते, म्हणून भेग वर जास्त उघडते.

पण संशयित आणखी एक आहे. खाचरावर मुरमाचा भराव टाकून घर बांधलेलं. भराव आणि त्याखालची ओली माती वर्षानुवर्षं दबत राहते आणि तिरकी भेग त्यानेही पडते. नुसत्या आकारावरून दोन्हींतला फरक कळत नाही. ऋतूवरून कळतो. भराव दबला तर भेग फक्त वाढते, पुन्हा मिटत नाही. माती आकसली असेल तर मे अखेरीस भेग सर्वात रुंद आणि पावसाळा मुरला की अरुंद.

भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवला आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजलं. दर वेळी सकाळी सातलाच, कारण उन्हाने भिंतही थोडी हलते. मे अखेरच्या मापापेक्षा जुलै अखेरीस अंतर १.१ मिमीने कमी, सप्टेंबरच्या सुरुवातीला २.३ मिमीने कमी. पुढच्या मेमध्ये ते परत आलं, पण पहिल्या मापाहून ०.३ मिमी जास्त. म्हणजे मुख्य खेळ ऋतूचा, आणि थोडा वाटा बहुधा भरावाचा. एका वर्षाच्या मापावरून त्या ०.३ वर जास्त भरवसा ठेवू नये, हे आमच्या सरांनी लगेच ऐकवलं.

माती खरंच फुगणारी आहे का, यासाठी फ्री स्वेल टेस्ट केली. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा-दहा ग्रॅम सुकी माती दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यातली माती १८ मिलिलिटर, रॉकेलमधली ११. फरक ७, त्याला ११ ने भागलं की सुमारे ६४ टक्के. भारतीय मानकात ५० ते १०० म्हणजे मध्यम. ही चाचणी भुकटी केलेल्या मातीवरची आहे, त्यामुळे जमीन किती मिलिमीटर हलेल हे त्यातून निघत नाही. तो आकडा घेऊन थेट पायाची डिझाइन करणारे मी पाहिलेत, तसं करू नका.

मग झाड तोडायचं? परवानगीचा प्रश्न आहेच. शहरी झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा लागू होतो. पण तांत्रिक अडचण मोठी आहे. झाडाने वर्षानुवर्षं कोरडी ठेवलेली माती, झाड गेलं की हळूहळू पाणी पिऊन फुगते. खाली गेलेला कोपरा वर येऊ लागतो आणि नव्या भेगा पडतात. १९७६ च्या दुष्काळानंतर लंडनच्या चिकणमातीवर माती आकसून घरं खचल्याचे दावे विमा कंपन्यांकडे ढीगाने आले. पनवेलला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे उघडी जमीन दरवर्षी भिजून घेते आणि धोका तेवढा नसावा. मात्र आमच्या मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. त्यांच्याखाली पाऊस कितपत पोचतो?

म्हणून यंदा मेमध्ये दोन ठिकाणी हँड ऑगरने दोन मीटर खाली जाणार आहे: एक झाड आणि कोपऱ्याच्या मध्ये, दुसरं घराच्या पुढे, झाडापासून लांब. दर अर्ध्या मीटरला नमुना, ओव्हनमध्ये चोवीस तास, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच. झाडाजवळची माती पावसाळ्यानंतरही कोरडीच निघाली, तर काकांना आधी चार ओळी पेव्हर काढायला सांगणार. काकांनी कुऱ्हाडीचा विषय तोवर पुढे ढकललाय.