खोली गार, पण गादी दमट

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या शाळेतल्या जुन्या गुरुजींचा फोन आला. मी रत्नागिरीत गेली सव्वीस वर्षं एसी बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "अरे, नवा एसी घेतला, खोली पाच मिनिटांत गारठते, पण अंगाला चिकचिक तशीच. उशा दमट लागतात. तुझ्या काकूंचा दमा उलट वाढलाय. बिघाड असेल तर बघून जा."

मी गेलो. वरच्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली, डोक्यावर उघडी स्लॅब, पश्चिमेला एक खिडकी. भिंतीवर दोन टनांचा एसी. "उन्हाची खोली आहे, मोठाच घ्या," असं दुकानदारानं सांगितलं होतं आणि गुरुजींनी निवृत्तीच्या पैशातून तो घेतला होता. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. ते त्या खोलीला फार मोठं होतं, एवढंच.

आधी हा 'टन' म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळांना ते यंत्राचं वजन वाटतं. पूर्वी थंडाव्यासाठी बर्फ वापरत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढण्याची ताकद म्हणजे एक टन. आजच्या भाषेत साधारण साडेतीन हजार वॅट. यंत्रावरच्या तारांकित लेबलवर ही क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. एकाच टनाच्या दोन यंत्रांत थोडाफार फरक असू शकतो, म्हणून टनापेक्षा तो आकडा वाचावा.

आता गुरुजींच्या खोलीचा हिशेब. त्यांच्यासमोरच कागदावर मांडला होता. भर दुपारी तापलेल्या स्लॅबमधून साडेसातशे वॅट. पश्चिमेच्या खिडकीतून, पडदा असला तरी, साडेपाचशे. बाहेरच्या भिंतींतून चारशे. दोन माणसांच्या अंगची उष्णता अडीचशे, पंखा, दिवा आणि टीव्ही मिळून दोनशे. फटींतून येणाऱ्या बाहेरच्या हवेचे चारशे. ढोबळ आकडे आहेत, पण बेरीज झाली अडीच हजारांच्या थोडी वर. म्हणजे एका टनात ही खोली भागते आणि वर थोडी शिल्लकही राहते. रात्री ऊन गेल्यावर तर याच्या निम्म्यानंच काम होतं. तिथे सात हजार वॅटचं यंत्र लावलं होतं!

"मग जास्त असलं तर बिघडलं कुठे?" गुरुजींनी विचारलं. कोकणात बिघडतं ते पाण्यामुळे. फटींतून आलेल्या त्या चारशे वॅटमध्ये तीनशे वॅट नुसत्या बाफेचे असतात. आपल्या मे महिन्याच्या हवेतून अशा खोलीत तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपानं आत येतं. एसीला खोली गार करायची असते, तसंच हे पाणी बाहेर काढायचं असतं. आतल्या युनिटमधल्या थंड कॉइलवर वाफेचे थेंब जमतात, ते खालच्या तबकात उतरतात आणि नळीनं बाहेर जातात. पण कॉइल थंड व्हायला आणि तिच्या पापुद्र्यांवरून थेंब ओघळायला वेळ लागतो. फाजील मोठं यंत्र पाच-सहा मिनिटांत खोली चोवीस अंशांवर आणतं आणि कंप्रेसर बंद करतं. तोवर कॉइल नुकती ओली झालेली असते. आतला पंखा मात्र फिरतच राहतो आणि तेच पाणी पुन्हा खोलीत उडवतो. तापमान उतरतं, दमटपणा तसाच राहतो. गादी, पुस्तकं, कपाटाची मागची बाजू यांना बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो तो तिचा.

हे ओळखायला यंत्र उघडावं लागत नाही. मी काकूंना सांगितलं, रात्री दहाला पाण्याच्या नळीखाली बादली ठेवा आणि सकाळी सहाला मोजा. एक लिटरही भरलं नाही.

आता इन्व्हर्टर कंप्रेसर. साधा कंप्रेसर पूर्ण वेगानं चालतो नाहीतर बंद पडतो. इन्व्हर्टरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो. रात्री ओझं निम्म्यावर आलं की तो संथ, पण सलग चालतो. सलग चालल्यानं कॉइल ओघळत राहते आणि वीजही वाचते. दमट खोलीसाठी मी तोच सुचवतो. पण त्याला वेगाची खालची मर्यादा असते. दोन टनांचा इन्व्हर्टर लहान खोलीत त्या मर्यादेखाली जाऊ शकत नाही, मग तोही चालू-बंद करू लागतो. म्हणजे इन्व्हर्टर घेतला म्हणून टनाची चूक माफ होत नाही. शिवाय फार संथ चालताना कॉइल पुरेशी गार राहत नाही आणि पाणी कमी निघतं. अशा वेळी, विशेषतः पावसाळ्यात, रिमोटवरचा 'ड्राय' लावावा नाहीतर पंखा कमी वेगावर ठेवावा. बाहेर जास्त ऊन नसताना सोळा अंश लावून काही साधत नाही.

इन्व्हर्टरची नाजूक जागा म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. आमच्याकडे वळवाच्या विजा, कमी-जास्त होणारा दाब आणि बाहेरच्या युनिटमध्ये शिरणाऱ्या मुंग्या-पाली हे त्याचे शत्रू. (पालीनं बोर्ड जाळल्याचं गिऱ्हाइकाला पटवणं हे माझ्या धंद्यातलं अवघड काम आहे.) कंप्रेसरची दहा वर्षांची हमी जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते. ती बहुतेकदा फक्त कंप्रेसरची. बोर्डाची किती, कॉइलची किती, गॅस भरण्याचे पैसे कोण देणार, हे हमीपत्रात वाचून मग पैसे द्यावेत.

यातूनच ब्रँडचा प्रश्न येतो. मला लोक विचारतात, कुठली कंपनी चांगली? मी उलट विचारतो, त्या कंपनीचा माणूस तुमच्या गावात कुठे बसतो? माझ्या ओळखीच्या एका घरी जूनमध्ये बोर्ड गेला. तक्रार फोनवर लगेच नोंदली गेली, पण सुटा भाग परगावाहून यायला सतरा दिवस लागले. म्हणून खरेदीआधी सेवा केंद्राला स्वतः फोन करावा आणि विचारावं, या मॉडेलचा बोर्ड तुमच्याकडे शिलकीत असतो का? शेजारी तीच कंपनी वापरत असतील तर त्यांचा अनुभव दुकानदाराच्या बोलण्याहून खरा.

समुद्राजवळ आणखी एक बघावं. खारा वारा कॉइल खातो, बारीक छिद्रं पडतात आणि गॅस जातो. तांब्याच्या कॉइलला गावातला कारागीर झाळू शकतो, ॲल्युमिनियमची बहुधा बदलावीच लागते. बाहेरचं युनिट समुद्राच्या थेट वाऱ्याच्या आडोशाला लावावं. आणि गळती न शोधता दर वर्षी नुसता गॅस भरून देणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावू नये.

गुरुजींचा एसी दुकानदारानं परत घेतला नाही. मग आम्ही तो काढून दिवाणखान्यात लावला. तिथे स्वयंपाकघर उघडंच जोडलेलं आहे, माणसांची ये-जा आहे, त्यामुळे तो तिथे शोभतो. झोपायच्या खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर बसवला. बसवताना दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली, नळ्या जोडल्यावर पंपानं आतली हवा पूर्ण ओढून घेतली, आणि पाण्याच्या नळीला उतार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकूंचा फोन आला. "बादली जवळजवळ चार लिटर भरलीय रे. हे पाणी झाडांना घातलं तर चालेल ना?"

चालेल, म्हटलं. फक्त पिऊ नका.