तीन पाण्यांतून काढलेलं कॅफिन

साबण लावलेला सदरा मोठ्या बादलीत एकदाच बुचकळला, तर कितीही खळबळा, वाळल्यावर कॉलर चिकट लागते. तेवढंच पाणी तीन वेळा थोडं थोडं घेतलं, दर वेळी पिळून ते फेकलं, की सदरा स्वच्छ होतो. घरात हे कुणी शिकवावं लागत नाही. रसायनशाळेत मात्र माझ्यासकट पुष्कळांनी शिशीतलं सगळं द्रावक एकदम ओतून पाहिलेलं असतं.

बी.एस्सी.ला चहातून कॅफिन काढण्याचा प्रयोग होता. चहापत्ती पाण्यात उकळायची, थोडा सोडियम कार्बोनेट टाकायचा म्हणजे चहातली टॅनिनं क्षार बनून पाण्यातच राहतात. अर्क गाळून थंड करायचा आणि सेपरेटिंग फनेलमध्ये डायक्लोरोमिथेनबरोबर हलवायचा. हे द्रावक पाण्यात फारसं मिसळत नाही आणि पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. कॅफिनला पाण्यापेक्षा ते अधिक मानवतं. अधिक म्हणजे किती, याचा आकडा म्हणजे वितरण गुणांक. दोन्ही थर स्थिरावल्यावर द्रावकातली कॅफिनची संहती पाण्यातल्या संहतीच्या किती पट आहे, ते हा आकडा सांगतो. त्याला K म्हणू. वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९१ मध्ये हा नियम नीट मांडला.

हिशेब तोंडी करता यावा म्हणून K ५ धरू. चहाचा अर्क १०० मिली, त्यात कॅफिन ३०० मिलिग्रॅम, आणि हाताशी द्रावक ६० मिली.

सगळं द्रावक एकदम ओतलं, तर? द्रावकाचा प्रत्येक मिली पाण्याच्या मिलीपेक्षा पाचपट कॅफिन धरतो, म्हणजे कॅफिनच्या दृष्टीने ६० मिली द्रावक ३०० मिली पाण्याच्या तोलाचं. वाटणी ३०० विरुद्ध १००. चौथा हिस्सा, ७५ मिलिग्रॅम, पाण्यातच राहतो. हाती येतं २२५.

आता तेच ६० मिली, पण २०-२०चे तीन भाग. २० मिलीचा तोल १०० मिली पाण्याएवढा, म्हणून वाटणी निम्मी-निम्मी. पहिल्या खेपेला पाण्यात १५० उरतं. तळाचा थर काढून ताजं द्रावक घातलं की ७५, तिसऱ्या खेपेनंतर ३७.५. हाती आलं २६२.५. द्रावक तेवढंच, फक्त ओतण्याची रीत बदलली.

कारण असं, की ही वाटणी कॅफिन संपल्यावर थांबत नाही, प्रमाण जुळलं की थांबते. एकाच मोठ्या खेपेत सगळ्या द्रावकाची मजल एकाच तोलावर संपते. ताज्या भागात मात्र कॅफिन शून्य असतं, त्यामुळे तो पुन्हा आपला पाचपट हिस्सा मागतो. दर खेपेला पाण्यात उरणारा अंश काढायचा तर पाण्याच्या आकारमानाला (पाणी + K × त्या खेपेचं द्रावक) याने भागायचं. जितक्या खेपा, तितक्या वेळा तो अंश स्वतःशी गुणायचा.

मग सहा खेपा का नकोत? १०-१० मिलीच्या सहा खेपांत पाण्यात सुमारे २६ मिलिग्रॅम उरतं. तीन खेपांनी वाचवलेल्या ३७.५च्या पुढे ११ मिलिग्रॅमचा फायदा, कष्ट दुप्पट. त्याच ६० मिलीचे हजार थेंब केले तरी पाण्यात सुमारे १५ मिलिग्रॅम राहणारच; त्याखाली जायचं तर द्रावकच वाढवावं लागेल. शिवाय १०० मिली पाणी पहिल्याच खेपेला जवळपास १ मिली द्रावक स्वतःत विरघळवून घेतं, आणि दर वेळी थोडं काचेला चिकटून जातं ते वेगळंच. आणि K मुळातच मोठा असेल, तर खेपांची फारशी गरज उरत नाही. आयोडिनला पाण्यापेक्षा कार्बन टेट्राक्लोराइड सुमारे ८५ पट मानवतं. तिथे ६० मिली एकदम घातलं तरी पाण्यात जेमतेम २ टक्के राहतं.

कागदावरचा हिशेब बिघडतो तो हलवताना. उत्साहाने फनेल जोरात घुसळलं आणि मधे तपकिरी फेसाचा जाड थर तयार झाला, तो अर्धा तास हलेना. असं पायस झालं की थर वेगळे होत नाहीत आणि फेसात अडकलेलं कॅफिन मोजणीतून सुटतं. त्यावर उपाय म्हणजे चिमूटभर मीठ आणि सबुरी. खरं तर फनेल पाळण्यासारखं हळू झुलवायचं, तोटी वर करून मधूनमधून वाफेचा दाब सोडायचा, आणि सगळं धुराड्याखाली, कारण डायक्लोरोमिथेनची वाफ घातक आहे. तळाचा थर तोटीतून काढला की पाणी फनेलमध्येच राहतं, पुढची खेप वरून ओतता येते. ईथरसारखं हलकं द्रावक असतं तर दर वेळी आधी पाणीच उतरवावं लागलं असतं.

तिसरी खेप पुरली का, हे बघायला वॉचग्लास लागते. त्या खेपेचे दोन थेंब काचेवर टाकून उडू द्यायचे. आमच्या काचेवर पांढुरकं कडं उमटलं होतं, तेव्हा सरांनी काही न बोलता आणखी २० मिली मोजून हातात दिलं.