शेवटापर्यंत थांबायचे की वाटेतच शिकायचे?
(लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण अवस्थेची व्हॅल्यू म्हणजे काय ते पाहिले: तिथून पुढे सरासरी किती बक्षीस मिळेल याचा अंदाज. हा अंदाज कधी आणि कशाच्या आधाराने सुधारायचा, यावर दोन पद्धती वेगळ्या वाटेने जातात. रिचर्ड सटन यांनी १९८८ साली टेम्पोरल डिफरन्स, म्हणजे टीडी, मांडताना वापरलेले छोटे उदाहरण आजही सगळ्यांत बोलके वाटते.

एका ओळीत पाच अवस्था आहेत: अ, ब, क, ड, इ. सुरुवात मधल्या क वर. प्रत्येक वेळी निम्म्या शक्यतेने डावीकडे किंवा उजवीकडे एक पाऊल. इ च्या पलीकडे गेल्यास बक्षीस १, अ च्या अलीकडे पडल्यास ०. दोन्हीकडे एपिसोड संपतो. खऱ्या व्हॅल्यू डावीकडून १/६, २/६, ३/६, ४/६, ५/६ आहेत. आपल्याला त्या माहीत नाहीत, म्हणून सगळीकडे ०.५ धरू.

पहिला एपिसोड क, ब, अ असा गेला आणि डावीकडे संपला. पूर्ण रिटर्न पाहणारी माँटे कार्लो पद्धत शेवटापर्यंत गप्प राहते आणि मग तिन्ही अवस्था शून्याकडे ओढते. शिकण्याचा वेग ०.१ असेल, तर तिन्ही ०.४५ होतात. टीडी प्रत्येक पावलावर हिशेब करते: मिळालेले बक्षीस अधिक पुढच्या अवस्थेचा आत्ताचा अंदाज. क वरून ब वर जाताना दोन्ही अंदाज ०.५, म्हणून काहीच बदलत नाही. फक्त अ ०.४५ होते. ही बातमी ब पर्यंत पोहोचायला आणखी एपिसोड लागतील.

हाच टीडीचा बायस. सुरुवातीला ब साठी तिचे लक्ष्य सरासरीने ०.५ असते, खरी व्हॅल्यू मात्र १/३. पूर्ण रिटर्नची सरासरी थेट १/३ येते. पण ते लक्ष्य दर वेळी ० किंवा १ असते. क वर त्याचा व्हेरिअन्स १/४. अंदाज बरोबर बसल्यावर टीडीचे क वरचे लक्ष्य २/६ किंवा ४/६ एवढेच हलते, व्हेरिअन्स १/३६. नऊपट शांत! म्हणूनच या उदाहरणात टीडी सहसा लवकर अचूक होते, आणि वेग हळूहळू कमी केला तर सुरुवातीचा बायसही विरतो.

मात्र अवस्थेने काही लपवले, तर तो विरत नाही. समजा, अ ला शिवून आलेला पुढे नेहमी हरतो. मग अ ची खरी व्हॅल्यू ०. टीडी मात्र तिथे ब चा अंदाज उसना घेते, आणि त्यात अ ला न शिवता जिंकलेल्यांचाही वाटा असतो. एपिसोड कितीही वाढवले तरी अ चा आकडा शून्याच्या वरच राहतो. म्हणून पूर्ण रिटर्नची सरासरीही शेजारी मोजत राहावी. भरपूर एपिसोडनंतरही दोन आकड्यांत ठराविक फरक उरला, तर आधी अवस्थेची व्याख्या तपासावी.