ग्रुपवरची बनावट लिंक कुणी उघडलीच, तर? नुसता पासवर्ड बदलून भागत नाही

समजा, संध्याकाळी पाचच्या सुमारास कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो: 'सुधारित वेतनपत्रक पाहण्यासाठी लॉगिन करा.' पाठवणारा आपलाच सहकारी. त्याला तो ई-मेलने आला आणि त्याने चांगल्या मनाने पुढे ढकलला. पगाराचा विषय म्हटल्यावर थांबतो कोण?

लिंक अशी दिसते: `login.microsoftonline.com.vetan-patrak.example/view` (हा पत्ता फक्त नमुन्याचा आहे). सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या लॉगिन पानासारखीच. पण अशा पत्त्याचा खरा मालक शेवटाकडून ओळखायचा. पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे नाव आहे, ते महत्त्वाचे. इथे ते `vetan-patrak.example` आहे. त्याच्या डावीकडे काहीही लिहिता येते. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर मात्र कधी कधी नेमका हा शेवटच कापला जातो आणि ओळखीची सुरुवात तेवढी दिसते.

ग्रुपला सावध कसे करायचे?

इथे बहुतेकांची एक चूक होते. 'ही लिंक उघडू नका' असे लिहून खाली तीच लिंक चिकटवतात. घाईत वाचणाऱ्याचे बोट तिच्यावरच पडते. त्याऐवजी स्क्रीनशॉट टाका आणि मूळ मेसेज ग्रुप ॲडमिनला सर्वांसाठी डिलीट करायला सांगा. मात्र त्याआधी आयटी विभागाला मूळ ई-मेल आणि पूर्ण पत्ता कळवा, कारण तो पत्ता कार्यालयाच्या नेटवर्कवर बंद करण्यासाठी त्यांना लागतो.

मेसेज इतका पुरे: 'सुधारित वेतनपत्रकाची लिंक बनावट आहे, एचआरने पाठवलेली नाही. उघडू नका, पुढे पाठवू नका. कुणी उघडून पासवर्ड टाकला असेल, तर आत्ताच आयटीला फोन करा. कुणालाही बोलणी बसणार नाहीत.'

शेवटचे वाक्य गाळू नका. ओशाळून गप्प बसलेला माणूस सकाळी सांगतो, तेव्हा चोराला अख्खी रात्र मिळालेली असते.

लिंक उघडली असेल तर?

आधी नेमके काय झाले ते विचारा. पान फक्त उघडले, काही टाइप केले नाही, फाइल उतरवली नाही, तर धोका सहसा कमी असतो. पान बंद करून कळवा. मोबाइलवर `.apk` फाइल उतरली असेल, तर ती इन्स्टॉल करू नका.

पासवर्ड टाकला असेल, तर गोष्ट गंभीर. ओटीपीही टाकला किंवा मोबाइलवर आलेली परवानगी दिली असेल, तर अधिकच. आजकालची बनावट पाने मधल्या दलालासारखी वागतात. तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी ती त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळाला देतात आणि लॉगिन झाल्याची डिजिटल खूण, म्हणजे सेशन कुकी, स्वतःकडे ठेवतात. हॉटेलच्या खोलीच्या किल्लीची नक्कल काढावी तसे हे. म्हणून पासवर्ड बदलल्यावरही आत शिरलेला चोर बाहेर पडेलच असे नाही.

पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल, तर तिथेही बदला. त्याचबरोबर आयटीला त्या खात्याची सगळी लॉगिन रद्द करायला सांगा. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत ॲडमिनकडे त्यासाठी `Revoke sessions` हे बटण असते. ते दाबल्यावरही काही ठिकाणी आधीचा प्रवेश साधारण तासभर चालू राहू शकतो, त्यामुळे तेवढा वेळ खात्यावर नजर हवी.

मग दोन जागा तपासायच्या. पहिली `Security info`. तिथे चोराने स्वतःचा मोबाइल जोडून ठेवला असेल, तर तो पुन्हा आत येऊ शकतो. दुसरी आउटलुकमधले `Rules`. 'बिल' किंवा 'पेमेंट' शब्द असलेले मेल आपोआप दुसरीकडे पाठवायचे किंवा सहसा कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाकायचे, असा नियम चोर गुपचूप लावतो. खातेदाराला वाटते, आज मेलच नाहीत.

हा नियम कशासाठी, ते कळले की घाईचे कारणही कळते. चोर जुनी पत्रे वाचतो आणि चालू व्यवहारात तुमच्या नावाने लिहितो, 'आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरा.' म्हणून लिंक उघडणारा अकाउंट्स किंवा खरेदी विभागातला असेल, तर पुरवठादार आणि ग्राहकांना त्याच दिवशी फोन करा. फोन जुन्या नोंदीतल्या नंबरवर करा, मेलमध्ये आलेल्या नंबरवर नको.

पैसे गेलेच असतील, तर बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला लगेच कळवा. `cybercrime.gov.in` वरही तक्रार करता येते. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली, तरच परत मिळण्याची शक्यता राहते. कंपनीची जबाबदारी वेगळी आहे: सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार फिशिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. पाच वाजता घटना लक्षात आली असेल, तर ही मुदत रात्री अकराला संपते.